पाच-पाच मिनिटांतून मोजलेली अस्थिरता आणि उद्याचा अंदाज

३ जून २०२४, सोमवार. शनिवारी संध्याकाळी लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल आले होते, त्यामुळे सकाळी सव्वानऊला निफ्टी उघडला तोच साडेतीन टक्क्यांच्या वर. पुढे दिवसभर तो फारसा हलला नाही आणि ३.२५ टक्के वाढून बंद झाला. मंगळवारी मतमोजणी होती. त्या दिवशी निफ्टी किंचितच खाली उघडला, पण भर बाजारात कोसळत गेला आणि ५.९३ टक्के खाली बंद झाला. बुधवारी तो पुन्हा ३.३६ टक्के वर.

आता मंगळवारी दुपारी साडेतीनला कुणी विचारलं की उद्या बाजार किती हलेल, तर काय सांगायचं? वर जाईल की खाली, हा प्रश्न बाजूला ठेवू. फक्त किती, एवढंच. ऑप्शन विकणाऱ्याला, ब्रोकरच्या रिस्क डेस्कवर बसलेल्या माणसाला, पोर्टफोलिओचं वजन ठरवणाऱ्याला हाच आकडा लागतो. तो सांगण्याआधी एक अडचण सोडवावी लागते. आज बाजार किती हलला, हेच आपल्याला नीट मोजता येत नाही.

भाव दिसतो, परतावा दिसतो. अस्थिरता दिसत नाही. ती भावांमागची एक छुपी राशी आहे आणि भावांवरून तिचा अदमास घ्यावा लागतो. सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे कालच्या बंद भावापासून आजच्या बंद भावापर्यंतचा परतावा घ्यायचा आणि त्याचा वर्ग करायचा. वर्ग अशासाठी की चिन्ह जातं, आणि आपल्याला हव्या असलेल्या राशीचं, म्हणजे व्हेरियन्सचं, मापही वर्गातच असतं. या पद्धतीचा दोष लगेच लक्षात येतो. सकाळी निफ्टी दीड टक्का पडला, दुपारनंतर दीड टक्का सावरला आणि काल होता तिथेच बंद झाला, तर वर्ग शून्य. रिक्षा दिवसभर गावभर फिरून संध्याकाळी त्याच नाक्यावर येऊन उभी राहिली, म्हणून ती जागची हललीच नाही असं आपण म्हणत नाही. मीटर बघतो.

हा दोष किती मोठा आहे याचा हिशोब करता येतो. समजा, दिवसाचा खरा व्हेरियन्स १ आहे, म्हणजे टक्क्यांत मोजलं तर प्रमाण विचलन १ टक्का. परतावा नॉर्मल वितरणातून येतो असं धरलं तर दिवसाच्या एका परताव्याचा वर्ग सरासरीने १ च येतो. म्हणजे माप पक्षपाती नाही. पण त्याची चूक खऱ्या मूल्याच्या १४१ टक्के इतकी असते. चारपैकी जवळपास एका दिवशी हा वर्ग ०.१ पेक्षाही कमी येतो. बाजार नेहमीसारखाच हलत असताना आपली पट्टी सांगते की आज दहावा हिस्साही हालचाल नव्हती.

याचा फटका नव्वदच्या दशकात गार्च मॉडेलना, म्हणजे मागच्या परताव्यांवरून पुढची अस्थिरता सांगणाऱ्या मॉडेलना, बसला होता. त्यांच्या अंदाजांची तुलना दुसऱ्या दिवशीच्या परताव्याच्या वर्गाशी केली की जुळणी अगदीच कमी यायची, आणि ही मॉडेलं अंदाजाच्या कामाची नाहीत असं लोक म्हणू लागले होते. १९९८ साली टॉर्बेन अँडरसन आणि टिम बोलरस्लेव्ह यांनी दाखवलं की दोष अंदाजाचा कमी आणि पट्टीचा जास्त आहे. त्यांनी चलनबाजारातले पाच-पाच मिनिटांचे परतावे घेऊन दिवसाचा व्हेरियन्स मोजला, आणि त्याच अंदाजांची जुळणी कितीतरी पटींनी वाढली. मॉडेल तेच होतं, फक्त मोजमाप बदललं होतं.

ती पट्टी अशी. एनएसईचं नेहमीचं सत्र ९:१५ ते ३:३०, म्हणजे ३७५ मिनिटांचं. त्याचे पाच मिनिटांचे ७५ तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याचा परतावा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ७५ वर्गांची बेरीज घ्यायची.

```
RV = r1² + r2² + ... + r75²
```

ही बेरीज म्हणजे त्या दिवसाचा रिअलाइज्ड व्हेरियन्स. तिचं वर्गमूळ ती रिअलाइज्ड व्होलॅटिलिटी. पुढे सोयीसाठी बेरजेलाच आरव्ही म्हणतो. यात कुठलंही मॉडेल नाही, गुणांक नाहीत, कशाचा अंदाज नाही. एक गोष्ट मात्र गृहीत आहे. लागोपाठच्या तुकड्यांचे परतावे एकमेकांत गुंतलेले नसावेत. ते स्वतंत्र असले की व्हेरियन्सची सरळ बेरीज करता येते. व्होलॅटिलिटीची अशी बेरीज होत नाही, म्हणून आधी बेरीज आणि वर्गमूळ शेवटी.

अंदाज यावा म्हणून सांगतो. दिवसाची व्होलॅटिलिटी १ टक्का असेल तर पाच मिनिटांची सुमारे ०.११५ टक्के पडते. निफ्टी २४,००० वर असेल तर ते २८ गुण. चार्टवर पाच मिनिटांची एक कँडल २०-३० गुणांची दिसणं म्हणजे साधारण असाच दिवस. आणि चूक? ७५ तुकडे घेतल्यावर ती १४१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येते. हा आकडा दिवसभर हालचाल सारखीच असते असं धरून आहे. प्रत्यक्षात सकाळचा पहिला अर्धा तास बराच खवळलेला असतो, दुपारी बारा ते दोनच्या सुमारास बाजार निवतो आणि शेवटी पुन्हा जोर धरतो. त्यामुळे खरी चूक १६ टक्क्यांहून थोडी जास्तच असते. तरी आधीच्या पट्टीशी तुलनाच नाही.

मग पाचच मिनिटं का? एक मिनिट घ्यावं, एक सेकंद घ्यावा. जितके तुकडे जास्त तितकी चूक कमी, असं गणित सांगतं. इथे बाजाराची प्रत्यक्ष रचना आडवी येते.

एक शेअर घेऊ. भाव २०० रुपये, घेणारा १९९.९० ला उभा आहे आणि विकणारा २००.१० ला. शेअरचं खरं मूल्य काहीही न बदलता एक सौदा वर होतो, पुढचा खाली, मग परत वर. छापला जाणारा भाव या दोन कडांमध्ये चेंडूसारखा उडत राहतो. याला बिड-आस्क बाउन्स म्हणतात. इथे फरक २० पैशांचा आहे, म्हणजे ०.१० टक्के, आणि प्रत्येक भाव मध्यापासून ०.०५ टक्के वर किंवा खाली सरकलेला. हे सरकणं नाणेफेकीसारखं धरलं तर प्रत्येक तुकड्याच्या वर्गात सरासरीने ०.००५ इतकी खोटी भर पडते. रक्कम क्षुल्लक वाटते, पण ती दर तुकड्यामागे पडते.

या शेअरचा खरा व्हेरियन्स २.२५ आहे असं धरू, म्हणजे व्होलॅटिलिटी दीड टक्का. एक मिनिटाचे ३७५ तुकडे घेतले तर खोटी भर १.८७५ होते. आरव्ही ४.१२५ येतो आणि व्होलॅटिलिटी २.०३ टक्के दिसते. पाच मिनिटांच्या ७५ तुकड्यांवर भर ०.३७५ होते आणि व्होलॅटिलिटी १.६२ टक्के दिसते. पंधरा मिनिटांच्या २५ तुकड्यांवर ती १.५४ टक्के, जवळजवळ बरोबर. पण फक्त २५ तुकड्यांमुळे आरव्हीची चूक आता २८ टक्क्यांवर गेलेली असते. एकीकडे खोटी भर, दुसरीकडे डगमगणारं माप. पाच मिनिटं ही या दोहोंमधली तडजोड आहे, आणि भरपूर उलाढालीच्या शेअरला व निर्देशांकाला ती चांगलीच मानवते. टू-स्केल किंवा रिअलाइज्ड कर्नल नावाच्या जास्त बारकाईच्या पद्धती आहेत. त्या टिक-टिकचा डेटा वापरून खोटी भर वजा करतात. २०१५ साली लिली लिऊ, अँड्र्यू पॅटन आणि केव्हिन शेपर्ड यांनी शेकडो मापं अनेक बाजारांवर घासून पाहिली. साध्या पाच मिनिटांच्या आरव्हीला ठळकपणे हरवणारं माप मिळणं कठीणच, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आपल्या शेअरला पाच मिनिटं चालतात की नाही, हे मात्र स्वतः पाहावं. त्यासाठी एक सोपा आलेख आहे. तुकड्याची लांबी १, २, ३, ५, १०, १५, ३० मिनिटं अशी बदलत जायची आणि प्रत्येक लांबीसाठी काही महिन्यांच्या आरव्हीची सरासरी मांडायची. माप स्वच्छ असेल तर रेषा जवळपास आडवी येते. डावीकडे, छोट्या तुकड्यांपाशी, ती वर उसळली असेल तर बाउन्स मिसळला आहे. रेषा जिथे आडवी होऊ लागते तिथला तुकडा घ्यायचा. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये ही जागा १५ किंवा ३० मिनिटांवरही जाते.

निर्देशांकात गंमत उलटी असते आणि ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. निफ्टीचा भाव म्हणजे ५० शेअरच्या शेवटच्या सौद्यांची गोळाबेरीज. बातमी आली की त्यातले काही शेअर लगेच हलतात, काही थोड्या उशिराने. त्यामुळे अगदी छोट्या तुकड्यांत एका परताव्याची ओढ पुढच्या परताव्यात उतरते. ते स्वतंत्र राहत नाहीत आणि वर्गांची बेरीज खऱ्यापेक्षा कमी भरते. अशा वेळी आलेखाची डावी बाजू खाली झुकलेली दिसते. म्हणजे एक मिनिटाचा आरव्ही शेअरला फुगवतो आणि निर्देशांकाला दडपू शकतो.

आता ३ जूनकडे परत येऊ. त्या दिवशीची सगळी वाढ शुक्रवारच्या बंद भावापासून सोमवारच्या उघडण्यापर्यंत झाली होती. ९:१५ ते ३:३० मधल्या ७५ तुकड्यांना तिचा पत्ताच नाही. फक्त आरव्ही पाहिला तर ३ जून हा बऱ्यापैकी शांत दिवस ठरतो. उघडतानाच्या उडीचा वर्ग मात्र एकटाच १२ च्या घरात जातो, साध्या दिवसाच्या आरव्हीच्या कितीतरी पट. ४ जूनला उलट झालं. उडी लहान होती आणि पडझड सत्रात झाली, म्हणून ती आरव्हीत पूर्ण उतरली.

दुपारी ३:३० ते सकाळी ९:१५ हे पावणेअठरा तास बाजार बंद असतो. अमेरिकेचा बाजार याच वेळात चालतो आणि कंपन्यांचे निकालही पुष्कळदा संध्याकाळी येतात. तेव्हा आपल्याला नेमकं कशाचं भाकीत हवंय, हे आधी ठरवावं लागतं. सकाळी घेऊन दुपारी मोकळं होणाऱ्याला सत्रातला आरव्ही पुरतो. रात्रभर पोझिशन धरणाऱ्याला तो अपुरा आहे. त्याने रात्रीच्या उडीचा वर्ग आरव्हीत मिळवावा. ती उडी हा एकच परतावा असल्याने तिच्यात पुन्हा तीच १४१ टक्क्यांची डगमग असते. म्हणून काही जण लांब काळावर एकूण व्हेरियन्स सत्रातल्या व्हेरियन्सच्या किती पट भरतो ते काढतात आणि रोजच्या आरव्हीला त्या पटीने गुणतात. यात आकडा स्थिर राहतो, पण ३ जूनसारखी रात्र पूर्ण निसटते. मी दोन्ही वेगवेगळे ठेवतो आणि दोन्हींचा अंदाज स्वतंत्रपणे करतो. एकत्र मिसळले की पुढे चूक कुठून आली ते कळत नाही.

माप झालं. आता अंदाज.

रोजच्या आरव्हीची काही वर्षांची मालिका समोर ठेवली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ती फार हळू विसरते. आजचा आरव्ही आणि उद्याचा आरव्ही यांचं नातं घट्ट असतंच, पण महिन्याभरापूर्वीच्या आरव्हीशीही नातं शिल्लक असतं. खवळलेला बाजार निवायला आठवडे घेतो. हे नातं साध्या पद्धतीने पकडायचं तर मागचे २२ दिवस वेगवेगळे घेऊन २२ गुणांक काढावे लागतील. इतके गुणांक डेटातल्या अपघातांनाही नियम समजून बसतात. दीर्घ स्मृतीची खास मॉडेलं होती, पण ती समजायला जड आणि चालवायला नाजूक.

इटलीचे फुल्विओ कोर्सी यांनी यावर जी वाट काढली तिचं मूळ झुरिकमधल्या ओल्सन अँड असोसिएट्स या संस्थेत झालेल्या कामात आहे. तिथल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात मांडलं होतं की बाजारातली माणसं एका घड्याळावर चालत नाहीत. कुणी दिवसात सौदा उरकतो, कुणी आठवड्याचा विचार करतो, आणि पेन्शन फंडासारखी संस्था महिन्यातून एखाद्या वेळी आपली वजनं बदलते. प्रत्येकजण आपल्या घड्याळाच्या मापाने चढउतार पाहतो आणि त्यावर वागतो. दिवसाचा व्यापारी महिन्याच्या अस्थिरतेकडे लक्ष ठेवतो, कारण त्यावर त्याची जोखीम ठरते. महिन्याचा गुंतवणूकदार आजच्या हालचालीकडे तितकंसं बघत नाही. कोर्सींनी हे तीन थर तीन सरासऱ्यांत उतरवले आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात हे मॉडेल मांडलं. हेटरोजीनियस ऑटोरिग्रेशन, म्हणजे वेगवेगळ्या घड्याळांची माणसं गृहीत धरून मालिकेचं तिच्याच भूतकाळावर केलेलं रिग्रेशन. एचएआर म्हणून ते ओळखलं जातं.

```
RV(t+1) = b0 + bd*RVd + bw*RVw + bm*RVm
```

`RVd` म्हणजे आजचा आरव्ही. `RVw` म्हणजे आज धरून मागच्या ५ दिवसांची सरासरी आणि `RVm` म्हणजे मागच्या २२ दिवसांची, कारण महिन्यात बाजाराचे साधारण तितकेच दिवस असतात. चार गुणांक, आणि तेही शाळकरी लीस्ट स्क्वेअर्सने निघतात. एक्सेलमध्येही जमतं. पायथनमध्ये एवढंच:

```python
r   = 100 * np.log(b["close"] / b["open"])
rv  = (r**2).groupby(r.index.normalize()).sum()
X   = pd.DataFrame({"d": rv,
                    "w": rv.rolling(5).mean(),
                    "m": rv.rolling(22).mean()})
fit = sm.OLS(rv.shift(-1), sm.add_constant(X),
             missing="drop").fit()
```

पहिल्या ओळीकडे नीट बघा. `b` मध्ये पाच मिनिटांचे बार आहेत आणि मी प्रत्येक बारचा `close` त्याच बारच्या `open` शी ताडला आहे. मी स्वतः आधी फक्त `close` घेऊन लागोपाठचे फरक काढत असे. ७५ `close` मधून फरक ७४ च निघतात, आणि गळतो तो सकाळचा पहिला बार, ९:१५ ते ९:२०, बहुधा सगळ्या दिवसातला सर्वांत खवळलेला. कोड न कुरकुरता चालतो, आकडेही पटण्यासारखे येतात, फक्त रोज थोडे कमी. आणि धसक्याच्या दिवशी बरेच कमी. ७५ आहेत ना, हे रोज मोजावं. दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांना तासाभराचं सत्र असतं, तिथे बार जेमतेम १२ निघतात. २४ फेब्रुवारी २०२१ ला तांत्रिक बिघाडाने एनएसईचे व्यवहार दुपारआधी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. असे दिवस मालिकेतून वगळायचे. नाहीतर मॉडेलला वाटतं की बाजार त्या दिवशी अचानक शांत झाला होता.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत चालवून पाहू. गुणांक समजुतीसाठी धरलेले आहेत: `b0` ०.०५, दिवसाचा ०.३५, आठवड्याचा ०.३५ आणि महिन्याचा ०.२०. तीन गुणांकांची बेरीज ०.९०, म्हणजे मालिका शेवटी ०.०५ भागिले ०.१०, अर्थात ०.५ या पातळीला परतते. दिवसाची व्होलॅटिलिटी ०.७१ टक्के, वर्षाची सुमारे ११ टक्के. ही बेरीज १ किंवा त्याहून जास्त आली तर अंदाज कुठेच परतत नाही. तेव्हा डेटात काहीतरी बिघडलं आहे असं समजावं.

महिनाभर बाजार शांत आहे, रोज आरव्ही ०.५. मग एके दिवशी निकाल लागतो आणि आरव्ही ६.० होतो. आठवड्याची सरासरी १.६ होते आणि महिन्याची ०.७५. उद्याचा अंदाज:

```
0.05 + 0.35*6.0 + 0.35*1.6 + 0.20*0.75 = 2.86
```

वर्गमूळ १.६९ टक्के. मॉडेलचं म्हणणं असं की उद्याचा व्हेरियन्स आजच्या निम्म्याहून कमी असेल, पण नेहमीच्या दिवसाच्या साडेपाच पटींहून जास्त धरून चला. हा अंदाज मला समंजस वाटतो. कालच्यासारखंच उद्या असेल असं मानणारा ६ सांगेल, महिन्याची सरासरी धरून चालणारा ०.७५ सांगेल. दोन्ही अंदाज टोकाचे आहेत.

पण थोडं पुढे जाऊ. पुढच्या चार दिवसांत आरव्ही १.२, ०.७, ०.६, ०.६ असा उतरतो. बाजार निवलाय. चौथ्या दिवशी संध्याकाळी आठवड्याची सरासरी तरीही १.८२ आहे, कारण त्या पाच दिवसांत अजून तो ६ बसलेला आहे. पाचव्या दिवसाचा अंदाज १.०६ येतो. पाचव्या दिवशीही आरव्ही ०.६ च येतो, बाजारात नवीन काहीच घडत नाही, पण ६ हा आकडा पाच दिवसांच्या खिडकीतून बाहेर पडतो. सरासरी ०.७४ वर घसरते आणि सहाव्या दिवसाचा अंदाज १.०६ वरून एकदम ०.६८ होतो. बाजाराने काहीच केलं नाही, फक्त कॅलेंडर पुढे सरकलं. एचएआरमध्ये दिवसांची वजनं पायऱ्यांसारखी असतात. या गुणांकांनुसार आजच्या दिवसाचं एकूण वजन ०.४३, मागच्या चार दिवसांचं प्रत्येकी ०.०८, आणि त्यामागच्या सतरा दिवसांचं प्रत्येकी ०.००९. पायरीच्या कडेवरून मोठा दिवस खाली पडला की अंदाज दचकतो. मोठ्या धसक्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी अंदाज अचानक बदललेला दिसला तर आधी हे तपासावं.

यावरचा सोपा उपाय म्हणजे आरव्हीच्या जागी त्याचा लॉगरिदम घालून तेच रिग्रेशन चालवणं. आरव्हीचं वितरण उजवीकडे लांब शेपटीचं असतं. थोडे भयंकर दिवस सगळे गुणांक स्वतःकडे खेचून घेतात. मार्च २०२० चे दिवस डेटात असले की हे फार जाणवतं. २३ मार्चला निफ्टी जवळपास १३ टक्के पडला होता आणि सकाळीच सर्किट लागून व्यवहार थांबले होते. लॉग घेतल्यावर मालिका बरीच माणसाळते. ६ आणि ०.५ मधलं बारा पटींचं अंतर लॉगमध्ये सुमारे अडीच एककं उरतं. शिवाय अंदाज ऋण येण्याचा धोका राहत नाही. एवढं लक्षात ठेवायचं की लॉगचा अंदाज नुसता उलटवून आरव्ही काढला तर तो पद्धतशीरपणे कमी येतो. उलटवण्याआधी त्यात चुकांच्या व्हेरियन्सचा अर्धा भाग मिळवावा लागतो.

दुसरी सुधारणा उड्यांची. ४ मे २०२२ ला दुपारी दोन वाजता, कुठलीही ठरलेली बैठक नसताना, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी रेपो दर ०.४० टक्क्यांनी वाढवल्याचं जाहीर केलं आणि निफ्टी त्या दिवशी दोन टक्क्यांहून जास्त पडला. अशी घसरण आणि दिवसभर हळूहळू घुसळून झालेली घसरण आरव्हीला सारखीच दिसते. उद्यावर त्यांचा परिणाम मात्र सारखा नसतो. एका बातमीची उडी बहुधा तिथेच संपते, घुसळण पुढेही चालू राहते. दोन्ही वेगळ्या करायला ओले बार्नडॉर्फ-निल्सन आणि नील शेपर्ड यांची बायपॉवर नावाची युक्ती आहे. परताव्याचा वर्ग करण्याऐवजी तो शेजारच्या परताव्याशी गुणायचा, चिन्हं काढून, आणि बेरजेला १.५७ ने गुणायचं. एका तुकड्यात २ टक्क्यांची उडी आली तर वर्गात ४ मिळतात. शेजारचे तुकडे ०.१ टक्क्याचे असतील तर बायपॉवरमध्ये त्या उडीचे सुमारे ०.६ च येतात. आरव्ही वजा बायपॉवर, हा उडीचा अंदाजे वाटा. तो रिग्रेशनमध्ये स्वतंत्र घातला की त्याचा गुणांक बऱ्याचदा लहान निघतो, म्हणजे उद्याच्या अंदाजात उडीला कमी भाव मिळतो.

अंदाज चांगला की वाईट हे कसं ठरवायचं? चुकांच्या वर्गांची सरासरी घेतली तर सगळा निकाल दोन-चार भयंकर दिवसांवर ठरतो. त्यापेक्षा क्यूलाइक नावाचं माप बरं:

```
RV/F - ln(RV/F) - 1
```

`F` म्हणजे आपला अंदाज. अंदाज १ दिला आणि प्रत्यक्षात ४ आला तर दंड १.६१. अंदाज ४ दिला आणि १ आला तर दंड ०.६४. कमी सांगण्याची शिक्षा जास्त. जोखीम सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने हे रास्त आहे, कारण बुडवणारी चूक तीच असते. तपासताना गुणांक फक्त त्या दिवसापर्यंतच्या डेटावरून काढायचे, मागच्या हजारेक दिवसांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकवत. सगळ्या वर्षांवर एकदाच रिग्रेशन चालवून त्याच वर्षांवर गुण दिले तर प्रत्येक मॉडेल पास होतं. आणि स्पर्धेत एक अगदी साधा प्रतिस्पर्धी ठेवायचा, उदाहरणार्थ मागच्या २२ दिवसांची नुसती सरासरी. त्याला क्यूलाइकवर सातत्याने हरवता येत नसेल तर मॉडेलमध्ये भर घालण्याआधी पुन्हा मोजमापाकडे जावं. बार ७५ आहेत का, पहिला बार आहे का, आलेख डावीकडे वाकतोय का.

आणि एक मर्यादा, जिच्यावर कुठल्याच सुधारणेचा इलाज नाही. एचएआरला फक्त मागचे २२ दिवस दिसतात, उद्याची तारीख दिसत नाही. ३ जूनच्या संध्याकाळी मतमोजणी दुसऱ्या दिवशी आहे हे देशातल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण मॉडेलसमोर होता सत्रातला एक बऱ्यापैकी शांत सोमवार. तारीख माहीत असलेल्या घटनांसाठी, म्हणजे मतमोजणी, अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण यांसाठी, ऑप्शनच्या भावांतून निघणारा इंडिया व्हीआयएक्स चौथा घटक म्हणून रिग्रेशनमध्ये घालता येतो, कारण ऑप्शन विकणाऱ्यांनी कॅलेंडर पाहिलेलं असतं. त्यात घ्यायची काळजी एवढीच की व्हीआयएक्स पुढच्या ३० दिवसांचा आणि वार्षिक टक्क्यांत असतो, तर आपला आरव्ही एका दिवसाचा आणि वर्गातला. व्हीआयएक्सचा वर्ग करून ३६५ ने भागला की एका कॅलेंडर दिवसाचा वाटा मिळतो. तोही आपल्या आरव्हीशी अगदी बरोबर जुळत नाही, कारण त्यात रात्रीही आहेत आणि विकणाऱ्याने जोखमीपोटी मागितलेली जास्तीची किंमतही. रिग्रेशनचा गुणांक हा फरक बऱ्याच अंशी सांभाळून घेतो.